लांबच्या बटणावरून आवाज कमी-जास्त करणे: ओटीएचा गेन बायस करंटने चालवण्याची कृती

गणेशोत्सवात गाणी वाजवणारा ॲम्प्लिफायर मंडपाच्या एका टोकाला असतो आणि सूचना देणारा माणूस माइक घेऊन दुसऱ्या टोकाला बसलेला असतो. गिरगावातल्या आमच्या चाळीत हे अंतर सुमारे पंचेचाळीस फूट आहे. दर सूचनेच्या आधी कोणीतरी हात वर करायचा, ॲम्प्लिफायरजवळच्या मुलाने तो पाहायचा आणि गाण्याचा आवाज उतरवायचा, ही आमची जुनी पद्धत. त्या मुलाचे लक्ष नसले की आरतीची वेळ गाण्यातच बुडून जायची. व्हॉल्यूमचा पॉट लांब वायरने माइकच्या टेबलापर्यंत नेऊन पाहिला, पण त्यात गाण्याचा सिग्नलच पंचेचाळीस फूट जाऊन परत येत होता, आणि रोषणाईच्या माळांचा गुणगुणाट त्यात आपसूक मिसळत होता. यावर खरा उपाय असा की गाणे जागेवरच ठेवायचे आणि टेबलापर्यंत फक्त एक डीसी कंट्रोल व्होल्टेज न्यायचे, ज्याच्या कमी-जास्त होण्याने गाण्याचा गेन बदलेल. हे काम ऑपरेशनल ट्रान्सकंडक्टन्स ॲम्प्लिफायर, म्हणजे ओटीए, थोड्या सुट्या भागांत करून देतो. बटण दाबले की गाणे पंधरा डेसिबलने खाली जाईल आणि सोडले की हळूहळू वर येईल, अशी सर्किट कशी बांधायची ते पुढे क्रमाने दिले आहे.

ओटीए नेमके काय करतो

नेहमीच्या ऑप-ॲम्पच्या आउटपुटला व्होल्टेज मिळते. ओटीएच्या आउटपुटला करंट मिळतो, आणि तो दोन इनपुटमधील व्होल्टेजच्या फरकाच्या प्रमाणात असतो. हे प्रमाण म्हणजेच ट्रान्सकंडक्टन्स. आयसीच्या आत इनपुटला दोन ट्रान्झिस्टरची जोडी असते आणि त्या जोडीला मिळणारा एकूण करंट आपण बाहेरून एका पिनमध्ये सोडतो. या करंटला डेटाशीटमध्ये ॲम्प्लिफायर बायस करंट म्हणतात. ट्रान्झिस्टरचा स्वभाव असा की त्यातून जितका करंट वाहतो तितका तो इनपुटला जास्त प्रतिसाद देतो, म्हणून बायस करंट दुप्पट केला की ट्रान्सकंडक्टन्सही दुप्पट होतो. बायस करंट हजारो पटींनी बदलला तरी हे नाते जवळजवळ सरळ रेषेत राहते.

```
Iout = gm × (Vplus − Vminus)
gm   = Iabc / (2 × VT)
VT   ≈ 26 mV   (27 °C)
```

येथे `Iabc` हा बायस करंट आहे. तो ५०० मायक्रोॲम्पियर धरला तर `gm` येतो ९.६ मिलीसीमेन्स. याचा अर्थ असा की इनपुटला १ मिलीव्होल्टचा फरक दिल्यास आउटपुटमधून ९.६ मायक्रोॲम्पियर वाहतात. हा करंट एका रेझिस्टरमधून नेला की पुन्हा व्होल्टेज मिळते. संपूर्ण सर्किट या दोन वाक्यांवर उभी आहे.

आयसी घ्यायची ती एलएम १३७००. पूर्वी आरसीएची सीए ३०८० सर्वत्र असे, पण तिचे उत्पादन बंद होऊन बरीच वर्षे झाली. आज त्या नावाने जो माल मिळतो त्यात जुना काढलेला किंवा नुसते नाव छापलेला मालही असतो, त्यामुळे नव्या कामासाठी तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही. एलएम १३७०० मध्ये दोन स्वतंत्र ओटीए असतात. आपण एकच वापरणार आहोत. यासोबत एक टीएल ०७४, एक बीसी ५५७ ट्रान्झिस्टर, एक १एन ४१४८ डायोड, एक ७८एल०५, एक १०० किलोओहमचा प्रीसेट आणि मोजके रेझिस्टर-कंडेन्सर एवढे सामान लागते. भडकमकर मार्गावर, म्हणजे सगळे अजूनही ज्याला लॅमिंग्टन रोड म्हणतात तिथे, हे सारे एका फेरीत मिळते. सप्लाय दुहेरी लागतो: अधिक १२ आणि उणे १२ व्होल्ट, ७८१२ व ७९१२ वापरून.

पहिली पायरी: सिग्नल लहान करणे

ओटीएच्या बाबतीत सर्वाधिक चुका इथे होतात. वर दिलेले सरळ नाते फक्त लहान इनपुटसाठी खरे आहे. फरक वाढू लागला की आउटपुट हळूहळू वाकते आणि शेवटी बायस करंटएवढ्या कमाल मर्यादेला चिकटते, कारण जोडीला मिळालेल्या एकूण करंटपेक्षा जास्त करंट ती देणार कुठून? हिशेब केला तर १० मिलीव्होल्ट शिखरमूल्याच्या साइन वेव्हमध्ये तिसऱ्या हार्मोनिकचे प्रमाण सुमारे ०.३ टक्के येते, २० मिलीव्होल्टला ते १.२ टक्के होते आणि ३० मिलीव्होल्टला अडीच टक्क्यांपुढे जाते. इनपुट दुप्पट केले की विकृती चौपट होते. उलट इनपुट फारच लहान केले तर आयसीचा स्वतःचा सळसळाट ऐकू येऊ लागतो. मंडपासाठी १० मिलीव्होल्ट ही मला योग्य तडजोड वाटते.

मोबाइलच्या किंवा मिक्सरच्या आउटपुटला सुमारे १ व्होल्टचे शिखर मिळते असे धरू. त्याला शंभरपट लहान करण्यासाठी १ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरनंतर १०० किलोओहमचा रेझिस्टर लावावा आणि त्याचे दुसरे टोक ओटीएच्या इन्व्हर्टिंग इनपुटला, म्हणजे पिन ४ ला, जोडावे. पिन ४ पासून ग्राउंडला १ किलोओहम लावावा. आता पिनवर ९.९ मिलीव्होल्ट येतात. नॉन-इन्व्हर्टिंग इनपुटलाही, म्हणजे पिन ३ लाही, ग्राउंडपर्यंत १ किलोओहमच लावावा.

दोन्ही बाजूंना समान रेझिस्टर लावण्यामागे कारण आहे. ओटीएचे इनपुट ट्रान्झिस्टरचे बेस असतात आणि ते थोडा करंट ओढतात. ५०० मायक्रोॲम्पियर बायसला तो साधारण ०.४ मायक्रोॲम्पियर असतो. १ किलोओहमवर त्याने ०.४ मिलीव्होल्ट पडतात आणि दोन्ही बाजूंना सारखेच पडल्यामुळे फरक उरत नाही. टीएल ०७४ च्या सवयीने एका बाजूला १०० किलोओहम ठेवला, तर तिथे ४० मिलीव्होल्ट उभे राहतात आणि सिग्नल येण्यापूर्वीच जोडी एका बाजूला कलंडलेली असते. अशा सर्किटमधून आवाज येतो, पण फाटका येतो, आणि माणूस आयसीला दोष देत बसतो.

विकृतीबद्दल आणखी एक गोष्ट. ती फक्त इनपुटच्या आकारावर ठरते, बायस करंटवर नाही. म्हणून फाटका आवाज कंट्रोल व्होल्टेज उतरवल्याने सुधारत नाही. तो तितकाच फाटका राहून फक्त लहान होतो. असे झाले तर मोबाइलचा आवाज कमी करावा किंवा १०० किलोओहमच्या जागी २२० किलोओहम लावावा.

पिन २ ही लिनिअरायझिंग डायोडची पिन आहे. ती रिकामी सोडावी. त्या डायोडमधून करंट सोडून जास्त मोठा इनपुट घेता येतो, पण तेव्हा इनपुट करंटच्या रूपात द्यावा लागतो आणि सगळा हिशेब बदलतो.

दुसरी पायरी: करंटचे व्होल्टेज करणे

पिन ५ हे आउटपुट. तिथून ग्राउंडला नुसता १० किलोओहम लावला तरी व्होल्टेज मिळते, पण पुढच्या यंत्राचा भार त्यावर पडून गेन बदलतो. त्यापेक्षा पिन ५ थेट टीएल ०७४ च्या एका ऑप-ॲम्पच्या इन्व्हर्टिंग इनपुटला जोडावी, त्याचे नॉन-इन्व्हर्टिंग इनपुट ग्राउंडला द्यावे आणि आउटपुटपासून इन्व्हर्टिंग इनपुटपर्यंत १० किलोओहम व त्याला समांतर १०० पिकोफॅरड लावावा. हा ऑप-ॲम्प सिग्नल उलटा करतो. आपण आधीच सिग्नल ओटीएच्या इन्व्हर्टिंग इनपुटला दिला आहे, त्यामुळे दोन उलट्यांनी तो सुलटा बाहेर पडतो.

```
9.9 mV × 9.6 mS = 95 µA
95 µA × 10 kΩ   = 0.95 V
```

म्हणजे ५०० मायक्रोॲम्पियर बायसला १ व्होल्टचे ०.९५ व्होल्ट मिळतात. गेन जवळजवळ एक आहे आणि बायस शून्य केला की तो शून्य होतो. ऑप-ॲम्पनंतर १० मायक्रोफॅरड कंडेन्सर व ग्राउंडला १०० किलोओहम देऊन सिग्नल ॲम्प्लिफायरकडे न्यावा. एलएम १३७०० च्या पिन ११ ला अधिक १२ आणि पिन ६ ला उणे १२ व्होल्ट जातात. दोन्हींच्या अगदी जवळ ग्राउंडला १०४ चा डिस्क कंडेन्सर असावा.

तिसरी पायरी: बायस करंट देणारा भाग

पिन १ मध्ये करंट सोडायचा आहे, व्होल्टेज द्यायचे नाही. हा भेद मी पहिल्यांदा एक आयसी जाळून शिकलो. आयसीच्या आत पिन १ पासून उणे सप्लायपर्यंत जेमतेम दोन डायोडइतका मार्ग असतो, म्हणून ती पिन नेहमी उणे १२ च्या सुमारे १.३ व्होल्ट वर, म्हणजे उणे १०.७ च्या आसपास राहते. मी पॉटचा मधला पाय सरळ पिन १ ला लावला होता. पॉट एक चतुर्थांश फिरेपर्यंत आयसीला बोट लावणे अशक्य झाले आणि मग आवाज कायमचा गेला. या पिनची कमाल मर्यादा २ मिलीॲम्पियर आहे.

रेझिस्टर लावूनही एक अडचण उरतेच. समजा कंट्रोल व्होल्टेजपासून पिन १ पर्यंत २२ किलोओहम लावला. कंट्रोल शून्य व्होल्ट केले तरी रेझिस्टरवर १०.७ व्होल्ट पडतच राहतात आणि ४८६ मायक्रोॲम्पियर वाहतात. पॉट शून्यावर आणि गाणे पूर्ण जोरात, अशी तक्रार याच कारणाने येते. आवाज बंद करायचा तर कंट्रोल उणे १०.७ पर्यंत न्यावे लागेल, आणि ते उत्सवाच्या टेबलावरून कोणी करणार नाही.

म्हणून शून्य व्होल्टला शून्य करंट देणारा भाग बांधायचा. टीएल ०७४ चा दुसरा ऑप-ॲम्प घ्यावा आणि त्याचे नॉन-इन्व्हर्टिंग इनपुट ग्राउंडला द्यावे. कंट्रोल व्होल्टेज १० किलोओहममधून इन्व्हर्टिंग इनपुटला आणावे. बीसी ५५७ चा एमिटर याच इन्व्हर्टिंग इनपुटला, बेस ऑप-ॲम्पच्या आउटपुटला आणि कलेक्टर दुसऱ्या एका १० किलोओहममधून ओटीएच्या पिन १ ला जोडावा. बीसी ५५७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो.

ऑप-ॲम्प आपले इन्व्हर्टिंग इनपुट शून्य व्होल्टला धरून ठेवतो, त्यामुळे कंट्रोल व्होल्टेज भागिले १० किलोओहम एवढाच करंट तिथे येतो आणि एमिटरमधून कलेक्टरकडे जाऊन पिन १ मध्ये उतरतो. ५ व्होल्टला ५०० मायक्रोॲम्पियर, १ व्होल्टला १००, शून्याला शून्य. उणे सप्लाय थोडा हलला तरी या हिशेबात फरक पडत नाही. कलेक्टरमधला १० किलोओहम संरक्षक आहे: काहीही बिघडले तरी एमिटर आणि पिन १ यांच्यामधल्या साडेदहा व्होल्टांतून त्याच्यामधून जेमतेम १ मिलीॲम्पियरच वाहू शकतो. १एन ४१४८ चा ॲनोड ऑप-ॲम्पच्या आउटपुटला व कॅथोड, म्हणजे पट्ट्याचे टोक, इन्व्हर्टिंग इनपुटला लावावा. कंट्रोल चुकून उणे झाले तर ऑप-ॲम्पचे आउटपुट अधिक सप्लायकडे धावते आणि ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर जोड उलट्या दाबाने मोडू शकतो. डायोड ते होऊ देत नाही.

चौथी पायरी: बटण आणि वेळ

७८एल०५ चे ५ व्होल्ट १०० किलोओहममधून १० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर आणावेत. हाच आपला कंट्रोल बिंदू. याच बिंदूपासून २२ किलोओहम आणि पुढे लांब वायरने टेबलावरचे बटण. बटणाचे दुसरे टोक ग्राउंडला. २२ किलोओहम मात्र सर्किटच्या बोर्डावरच असावा, टेबलाकडे नव्हे. म्हणजे वायरमध्ये शिरलेला गुणगुणाट रेझिस्टर-कंडेन्सरमध्येच जिरतो.

हा बिंदू तिसऱ्या पायरीतल्या १० किलोओहमला थेट जोडू नये. तसे केल्यास १०० आणि १० किलोओहमची विभागणी होऊन ५ व्होल्टांऐवजी अर्ध्या व्होल्टापेक्षाही कमी मिळते आणि गाणे कायमचे पुटपुटत राहते. मधे टीएल ०७४ चा तिसरा ऑप-ॲम्प बफर म्हणून ठेवावा. चौथा रिकामा राहतो. त्याचे आउटपुट त्याच्याच इन्व्हर्टिंग इनपुटला आणि नॉन-इन्व्हर्टिंग इनपुट ग्राउंडला जोडून ठेवावे.

बटण दाबले की कंट्रोल ५ व्होल्टवरून ०.९ व्होल्टवर येते, कारण २२ भागिले १२२ हा वाटा उरतो. गेन त्याच प्रमाणात उतरतो, म्हणजे १५ डेसिबल. उतरण्याचा वेळ-स्थिरांक सुमारे ०.१८ सेकंद आणि परत चढण्याचा १ सेकंद. गाणे पटकन बाजूला होते आणि सूचना संपल्यावर घाई न करता परत येते. गाणे आणखी खाली हवे असेल तर २२ च्या जागी १० किलोओहम लावावा. तेव्हा २१ डेसिबल उतार मिळतो. मला तो जास्त वाटला, कारण लोकांना गाणे बंदच पडले असे वाटते.

पाचवी पायरी: आयसी बसवण्याआधी आणि नंतरची मोजणी

दोन्ही आयसींसाठी सॉकेट वापरावेत. आधी दोन्ही सॉकेट रिकामे ठेवून सप्लाय तपासावा. मग टीएल ०७४ बसवून बफरच्या आउटपुटला बटण न दाबता ५ आणि दाबून ०.९ व्होल्ट येतात का ते पाहावे. वीज बंद करून एलएम १३७०० बसवावी आणि मल्टिमीटर कलेक्टरच्या १० किलोओहमच्या दोन टोकांवर लावावा. दोन्ही रेझिस्टर १० किलोओहमचे असल्यामुळे या रेझिस्टरवर कंट्रोलएवढेच व्होल्टेज दिसले पाहिजे: इथे ५ तर तिथे ५, इथे ०.९ तर तिथे ०.९. बायस करंट बरोबर आहे की नाही याचा निकाल एवढ्यावर लागतो, सर्किट कुठेही तोडावी लागत नाही. शून्य किंवा कंट्रोलपेक्षा कमी दिसले तर ट्रान्झिस्टरचे पाय आणि डायोडची दिशा तपासावी. दोन्ही वेळा सारखेच व्होल्टेज दिसले तर ऑप-ॲम्पची दोन इनपुट तपासावीत. पिन १ आणि पिन ६ मध्ये १.२ ते १.४ व्होल्ट असावेत. तिथे १२ व्होल्टच्या आसपास दिसले तर आयसीचा आतला मार्ग तुटलेला आहे.

बटणाबरोबर येणारा धक्का

गाणे न लावता बटण दाबले तरी बेसच्या पेटीतून मऊ ‘धप्प’ येऊ शकतो. ओटीएच्या दोन इनपुटमध्ये जन्मजात थोडा ऑफसेट असतो. एलएम १३७०० मध्ये तो सहसा अर्ध्या मिलीव्होल्टच्या आत असतो, पण ४ मिलीव्होल्टपर्यंत जाऊ शकतो. तोही सिग्नलसारखाच गेनने गुणला जातो. १ मिलीव्होल्ट ऑफसेट म्हणजे पूर्ण गेनला आउटपुटवर ९६ मिलीव्होल्ट, आणि बटण दाबल्यावर तेच १७. ही उडी म्हणजे तो धक्का.

यासाठी १०० किलोओहमचा प्रीसेट अधिक १२ आणि उणे १२ यांच्यामध्ये लावावा आणि त्याचा मधला पाय २.२ मेगाओहममधून पिन ३ ला द्यावा. पिन ३ वर आधीच ग्राउंडला १ किलोओहम आहे, त्यामुळे प्रीसेटने तिथे साडेपाच मिलीव्होल्ट अधिक-उणे हलवता येतात. ऑसिलोस्कोपची गरज नाही. इनपुट शॉर्ट करून, आउटपुट कंडेन्सरच्या आधी मल्टिमीटर डीसी मिलीव्होल्टवर लावावा. माझ्या बोर्डावर बटण न दाबता १४० आणि दाबून २६ मिलीव्होल्ट येत होते. प्रीसेट थोडा फिरवायचा, बटण दाबून वाचायचे, सोडून पाच सेकंद थांबायचे, पुन्हा वाचायचे. कंडेन्सर पूर्ण भरायला तेवढा वेळ लागतोच. घाई केली तर प्रीसेट वाचनाच्या मागे धावत राहतो. दोन्ही वाचने शून्य करण्याचा हट्ट धरू नये, ती एकमेकांसारखी करावीत, कारण उरलेले दोन-तीन मिलीव्होल्ट टीएल ०७४ चे असतात आणि ते गेनबरोबर हलत नाहीत.

हे काम सर्किट दहा मिनिटे चालू राहिल्यावर करावे. तापमानाचा गेनवरही परिणाम होतो, कारण सूत्रातला `VT` तापमानाबरोबर वाढतो आणि ट्रान्सकंडक्टन्स दर अंशाला सुमारे ०.३ टक्के घटतो. घरात २४ अंशांवर जुळवलेला बोर्ड मंडपात ३४ अंशांवर गेला तर गेन सव्वातीन टक्के, म्हणजे ०.३ डेसिबलच्या आत-बाहेर उतरतो. गाण्याच्या आवाजात तो कोणालाही कळणार नाही. हाच ओटीए एखाद्या सिंथेसायझरच्या फिल्टरमध्ये किंवा ऑसिलेटरमध्ये असता, तर तेवढ्यानेच स्वर जवळपास एका श्रुतीने हलला असता, आणि तिथे तापमानाची भरपाई करणारा रेझिस्टर लावल्याशिवाय चालत नाही.

टेबलाकडे जाणारी वायर साधी दोन तारांची चालते, शिल्डची गरज नाही. ती तुटली तर बटण निरुपयोगी होते पण गाणे पूर्ण आवाजात चालू राहते. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर मात्र गाणे कायमचे १५ डेसिबल खाली राहते. पहिल्या वर्षी दुसऱ्याच दिवशी हे झाले. सगळे मोबाइल आणि ॲम्प्लिफायर तपासत होते. बफरच्या आउटपुटला मल्टिमीटर लावला तर ०.९ व्होल्ट, बटण कोणी दाबलेले नसताना. वायर बोर्डाच्या टोकाला सोडवताच ते ५ वर चढले. प्रसादाच्या टेबलाचा लोखंडी पाय नेमका वायरवर टेकला होता.